हरलेला डाव तपासताना

हरलेल्या डावाची तपासणी शेवटच्या चालीपासून मागे जात केलेली बरी. सुरुवातीपासून चाली लावत गेले की ओपनिंगमधल्या बारीकसारीक गोष्टींवरच वेळ जातो आणि डाव प्रत्यक्षात जिथे गेला तिथे पोहोचेपर्यंत लक्ष उडालेले असते. उलट दिशेने जाताना प्रत्येक स्थितीला एकच प्रश्न विचारायचा: इथे दुसरी चाल केली असती तर डाव वाचला असता का? ज्या स्थितीत पहिल्यांदा ‘हो’ असे उत्तर येते, तो डाव फिरण्याचा बिंदू. राजावर मात बसली ती चाल बहुधा हा बिंदू नसते, कारण तोवर सगळे संपलेले असते.

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला झालेल्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीतला चौदावा डाव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. डिंग लिरेन पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत होता आणि डी. गुकेशकडे एक प्यादे जास्त होते. दोघांकडे एकेक हत्ती आणि पांढऱ्या घरांतून फिरणारा एकेक उंट उरला होता. स्थिती बरोबरीची होती. पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची मारामारी देऊ केली. गुकेशने हत्ती मारला, डिंगच्या राजाने परत मारले आणि काळ्याचा उंट डी५ वर आला. पांढऱ्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. त्याला हलायला तो एकच कर्ण आणि त्याच कर्णावर समोर राजाचा जोर असलेला काळा उंट. मारामारी टाळायला जागाच नव्हती. उंटही गेले, फक्त राजे आणि प्यादी राहिली, आणि असा अंत्यखेळ एका प्याद्याच्या फरकाने हरलेला होता. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

इंजिन लावले तर ते पंचावन्नाव्या चालीवर बोट ठेवते आणि ते बरोबरच आहे. पण तपासणी इथे थांबली तर हाती लागते फक्त ‘घोडचूक झाली’ एवढेच. त्यातून पुढच्या डावासाठी काही निघत नाही. म्हणून चुकीचा प्रकार ठरवताना ती ओपनिंगमध्ये झाली की अंत्यखेळात, हे न पाहता ती कशामुळे झाली हे पाहावे. प्रतिस्पर्ध्याचे उत्तर दिसलेच नाही, दिसले पण चाली मोजताना चुकले, मोजणी बरोबर होती पण शेवटच्या स्थितीबद्दलचा अंदाज चुकला, किंवा ती स्थिती कशी खेळायची हे माहीतच नव्हते: बहुतेक चुका या चारांपैकी एकात बसतात. घड्याळाचा ताण हा वेगळा प्रकार धरण्यात फारसा अर्थ नाही. या चारांपैकी कुठली चूक घाईत वर येते, एवढेच तो दाखवतो.

डिंगची चूक पहिल्या प्रकारची. एक हत्ती आणि एक उंट उरलेले असताना हत्तींच्या मारामारीचा विचार झाला. त्यामागोमाग उंटांचीही मारामारी सक्तीची होईल, हे त्या क्षणी सुटले. प्रतिस्पर्ध्याचा चेहरा पाहून आपली चूक लक्षात आली, असे त्याने नंतर सांगितले. म्हणजे ज्ञान कमी नव्हते, त्या क्षणी नजर कमी पडली. अशा चुकीवर अंत्यखेळाची जाडजूड पुस्तके वाचून उपयोग नाही. मारामारी देण्यापूर्वी ‘उरलेली मोहरीही मारली गेली तर काय?’ हे पाहण्याची सवय लावणे, हाच तिच्यावरचा उपाय.

दुसरा धागा मात्र इंजिनच्या आकड्यात दिसत नाही. त्या डावात पांढऱ्याने आधीच बरीच मोहरी मारून एक प्यादे कमी असलेला, तरीही बरोबरीचा अंत्यखेळ स्वीकारला होता. इंजिन त्याला शून्य देते. पण माणसाच्या दृष्टीने त्यानंतर जिंकण्याचे प्रयत्न एकाच बाजूने होणार होते आणि चुकायची पाळी दुसऱ्या बाजूवर होती. तपासणीत असे निर्णय चूक म्हणून नव्हे, ‘धोका पत्करला’ म्हणून वेगळे लिहावेत.

प्रकाराबद्दल शंका असेल तर सोपी चाचणी आहे. दोन दिवसांनी तीच स्थिती पटावर मांडून पाच मिनिटे द्यावीत. उत्तर लगेच दिसले तर दोष लक्षाचा. नाही दिसले तर मोजणीचा किंवा ज्ञानाचा. यासाठी डाव संपल्यावर लगेच, इंजिन उघडण्यापूर्वी, स्कोअरशीटवर त्या वेळचे विचार आणि घड्याळातला वेळ टिपलेला हवा. इंजिनचे उत्तर एकदा पाहिले की आपण मुळात काय विचार केला होता ते आठवेनासे होते आणि ‘मला ती चाल दिसलीच होती’ असे वाटू लागते.

इंजिनचे आकडे वाचतानाही तारतम्य हवे. हरलेल्या स्थितीत उणे चारवरून उणे सातवर गेलेली चाल तपासण्याची गरज नाही. शून्यावरून उणे दोनवर नेणारी चाल तपासावी. जी वाचवणारी चाल फक्त दहा-बारा चाली खोल मोजल्यावर समजते, ती क्लबमध्ये खेळणाऱ्याने आपल्या चुकांच्या वहीत घेऊ नये.