‘मिनिमम ड्यू’च भरत राहिलात, तर पन्नास हजार कधी फिटतील?

क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर दोन रकमा ठळक छापलेल्या असतात: एकूण थकबाकी आणि किमान देय रक्कम, म्हणजे ‘मिनिमम ड्यू’. दुसरी रक्कम वेळेत भरली की विलंब शुल्क लागत नाही, पण व्याज थांबत नाही. हे अनेकांच्या लक्षात येईपर्यंत वर्ष उलटून गेलेलं असतं.

थकबाकी ५०,००० रुपये, व्याज महिना साडेतीन टक्के आणि मिनिमम ड्यू पाच टक्के धरू. तुमच्या कार्डाचे दर थोडे वेगळे असू शकतात. पहिल्या महिन्याचं व्याज १,७५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५, असे २,०६५ रुपये वाढतात. थकबाकी होते ५२,०६५ आणि मिनिमम ड्यू साधारण २,६०३. एवढे पैसे भरूनही मूळ कर्ज जेमतेम ५३८ रुपयांनी उतरतं.

पुढे थकबाकी घटते तसा मिनिमम ड्यूही घटतो, आणि खरी गोम इथेच आहे. वर्षभरात तुम्ही साडेएकोणतीस हजारांच्या आसपास भरता, तरी जवळजवळ ४४ हजार बाकी राहतात. कर्ज निम्मं व्हायलाच पाच वर्षांहून जास्त लागतात.

म्हणून बिलात मिनिमम ड्यू कितीही कमी दिसो, आपला हप्ता कमी करू नका. पहिल्याच महिन्याचे २,६०० दरमहा भरत राहिलात, तरी सव्वातीन वर्षांत कर्ज फिटतं. एकूण मात्र सुमारे १,०१,६०० रुपये जातात. फक्त चारशे वाढवून ३,००० केलेत, तर २९ महिने आणि सुमारे ८६,४०० रुपये. खिशातून महिन्याला चारशे जास्त गेले, पण पंधरा हजार वाचले! ५,००० भरलेत तर तेरा महिन्यांनंतर किरकोळच रक्कम उरते आणि व्याज सोळा हजारांच्या आत राहतं. दहा हजार झेपत असतील तर सहा महिन्यांत मोकळे व्हाल. व्याज सात हजारांच्या थोडं वर.

आपल्या रकमेसाठी एक्सेलमध्ये हे सूत्र टाका. उत्तर महिन्यांत येतं:

```
=NPER(0.0413,-5000,50000)
```

०.०४१३ म्हणजे जीएसटीसह मासिक व्याज.

हा हिशेब एकाच अटीवर खरा ठरतो: फेड चालू असताना त्या कार्डावर नवी खरेदी नको. मागची बाकी असताना बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे नव्या किराण्यावरही खरेदीच्या दिवसापासून व्याज चढतं.

पाच हजार झेपत नसतील, तर बँकेत वैयक्तिक कर्जाची चौकशी जरूर करा. १५ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी ५०,००० मिळाले, तर हप्ता सुमारे २,४२५ आणि प्रक्रिया शुल्क सोडून एकूण ५८,२०० रुपये होतात.

सगळी बाकी भरल्यावरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं व्याज लागून येतं. ते बिल निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं असतं. तेही भरा, आणि त्यानंतरच्या स्टेटमेंटमध्ये व्याजाची ओळ दिसत नाही ना, ते तपासा.