उत्तराची ओळ दाखविणें

धडा वाचून प्रश्न विचारले असतां पुष्कळ वेळां उत्तर पुस्तकांतून न येतां ऐकीव माहितीवरून येतें. तें ओळखण्याची रीत साधी आहे. उत्तर सांगणारानें ज्या ओळींत तें आहे तिजवर बोट ठेवावें; शेजाऱ्यानें ती एकच ओळ मोठ्यानें वाचावी, आणि तेवढ्यानें प्रश्न सुटतो कीं नाहीं हें सर्वांनीं पाहावें.

उदाहरणार्थ, पुण्याच्या उत्तरेस असलेलें चाकण घेऊं. आज तें कारखान्यांमुळें प्रसिद्ध आहे. पण तेथें संग्रामदुर्ग नांवाचा जुना भुईकोट किल्लाही आहे. त्याविषयीं हा लहानसा उतारा वाचावा:

१. इ. स. १६६० मध्यें मोगल सरदार शाहिस्तेखान यानें चाकणच्या किल्ल्यास वेढा घातला.
२. किल्ल्याचा रक्षक फिरंगोजी नरसाळा हा होता.
३. सुमारें दोन महिने किल्ला मोगलांच्या हातीं येईना.
४. तेव्हां त्यांनीं भुयार खणून त्यांत दारू भरली व एक बुरूज उडविला.
५. अखेरीस किल्ला मोगलांस मिळाला.

पहिला प्रश्न: किल्ला किती काळ टिकला? कोणी म्हणेल, "दोन महिने." तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून वाचतांच "सुमारें" हा शब्द सुटला हें दिसतें. बरोबर उत्तर "सुमारें दोन महिने" असें आहे.

दुसरा प्रश्न: फिरंगोजी कोणाच्या बाजूनें लढला? येथें बहुतेक जण तत्काळ सांगतील, "शिवाजी महाराजांच्या." गोष्ट खरी आहे; परंतु बोट कोठें ठेवावयाचें? पांचही ओळींत महाराजांचें नांव नाहीं. म्हणून असें लिहावें: "उताऱ्यांत नाहीं, मला अन्यत्र ठाऊक आहे." खरें उत्तर आणि उताऱ्यांतील उत्तर हीं दोन निराळीं आहेत.

तिसरा प्रश्न सर्वांत फसवा आहे: किल्ला कशामुळें पडला? चौथी व पांचवी ओळ दाखवून "बुरूज उडाल्यामुळें" असें उत्तर येईल. आतां त्या ओळी सावकाश वाचा. आधीं बुरूज उडाला व अखेरीस किल्ला गेला, एवढाच क्रम त्यांत आहे. "त्यामुळें" हा शब्द कोठेंही नाहीं. अनुमान योग्य असेल, तरी तें वाचकाचें आहे. "चौथ्या व पांचव्या ओळींवरून माझें अनुमान" असें म्हटल्यास ऐकणारास आधार कोठें संपतो तें कळतें.

या रीतीची एक मर्यादा ध्यानांत ठेवावी. बोटानें इतकेंच सिद्ध होतें कीं उतारा असें म्हणतो. उतारा स्वतः खरा आहे कीं नाहीं, तें दुसऱ्या पुस्तकाशीं ताडून पाहावें लागतें.

अभ्यास: शाहिस्तेखानाच्या सैन्यानें बुरूज कसा उडविला? एक ओळ पुरते काय, कीं दोन लागतात? त्यांचे अंक लिहा.