प्राचार्यांना पत्र : प्रार्थनेसाठी आणि चिंतनासाठी एक शांत खोली



आपल्यापैकी काही जण मधल्या सुट्टीत जिन्याच्या वळणावर रुमाल पसरून नमाज पढतात, काही जण शेवटच्या बाकावर डोळे मिटून जप करतात आणि मागून कोणीतरी दप्तर अंगावर टाकते. काहींना कोणतीही उपासना करायची नसते. घरात आजारपण असते, परीक्षा जवळ असते, दहा मिनिटे कोणाशी न बोलता बसायचे असते. या सर्वांसाठी महाविद्यालयात एक खोली मिळावी, असे पत्र प्राचार्यांना लिहायचे असेल, तर ते कसे लिहावे याचा आज आपण विचार करू.

सर्वांत आधी आपण नेमके काय मागत आहोत हे ठरवावे. बरीच पत्रे इथेच फसतात. ‘प्रार्थनागृह बांधून द्यावे’ असे लिहिले की प्राचार्यांच्या डोळ्यांसमोर बांधकाम, खर्च आणि संस्थेच्या विश्वस्तांची बैठक उभी राहते. अनुवादाचे काम करताना शब्दांचे वजन कळत जाते. ‘गृह’ म्हटले की ते कायमचे आणि कोणाच्या तरी मालकीचे वाटते. ‘मधल्या सुट्टीत वीस मिनिटे एक रिकामी खोली’ असे लिहिले तर मागणी तीच राहते, पण ती देणे प्राचार्यांच्या हातात असते.

दुसरी गोष्ट हक्काची. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने प्रत्येकाला धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, पण महाविद्यालयाने त्यासाठी खोली दिलीच पाहिजे असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. म्हणून पत्रात ‘आमचा हक्क’ हे शब्द नकोत. ही विनंती आहे. अनुच्छेद २८ मात्र नीट वाचून ठेवावा. पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, उपासनेत सामील करता येत नाही. प्राचार्यांच्या मनात पहिली शंका हीच येते. खोलीत कोणी प्रवचन देणार नाही, कोणाला बोलावले जाणार नाही, येणारा स्वतःहून येईल आणि गप्प बसून जाईल, हे आपण आधीच लिहिले तर त्यांना ती शंका विचारावी लागत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, आपले वाणिज्य महाविद्यालय १०.३० ते ४.३० चालते आणि मधली सुट्टी १.०० ते १.४० आहे. पत्र लिहिण्याआधी एक आठवडा वेळापत्रक घेऊन फिरावे आणि त्या वेळी कोणती खोली खरोखर रिकामी असते ते रोज टिपून ठेवावे. (वाणिज्य शाखेच्या मुलांना हे सांगावे लागत नाही, आपल्याला कोरा कागद दिसला की रकाने पाडावेसे वाटतात.) वेळापत्रकात रिकामी दिसणारी खोली प्रत्यक्षात एनसीसीचे सामान ठेवण्यासाठी वापरली जात असते. खोली पाण्याच्या नळाजवळ असेल तर उत्तम, कारण नमाजपूर्वी वुजू करणाऱ्यांना पाणी लागते आणि ओल्या पायांनी लांबचा व्हरांडा ओलांडला तर फरशी निसरडी होऊन शिपाईकाकांची तक्रार येते. दाराला काच असावी किंवा दार उघडे ठेवता यावे. मुले-मुली दोघेही येणार असतील, तर ही बाब प्राचार्यांसाठी फार महत्त्वाची असते.

असे पाहिल्यावर पत्र लिहावे. नमुना असा :

प्रति,
मा. प्राचार्य महोदया,
(महाविद्यालयाचे नाव, गाव)

मार्फत : वर्गशिक्षक, बी.कॉम. द्वितीय वर्ष

विषय : मधल्या सुट्टीत खोली क्रमांक १४ शांत बसण्यासाठी मिळण्याबाबत.

महोदया,

आम्ही खाली सही करणारे ११ विद्यार्थी वेगवेगळ्या धर्मांचे आहोत. काही जण कोणतीही उपासना करत नाहीत. मधल्या सुट्टीत प्रार्थना, ध्यान किंवा शांत चिंतनासाठी आम्हाला जागा मिळत नाही. पहिल्या मजल्यावरील खोली क्रमांक १४ गेला आठवडाभर १.०० ते १.४० या वेळेत रिकामी होती. ही खोली १.१० ते १.३० या वेळेत सर्व विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवावी, ही विनंती.

खोलीत बोलणे, भाषण, ध्वनिक्षेपक, प्रतिमा, फलक, उदबत्ती किंवा दिवा असणार नाही. बाके हलवल्यास ती १.३० पर्यंत पुन्हा जागेवर लावली जातील. किल्ली कार्यालयातून सही करून घेण्याची व परत देण्याची जबाबदारी आमच्यापैकी दोघे घेतील. परीक्षेच्या काळात खोली लागल्यास आम्ही ती वापरणार नाही. प्रथम एक महिना परवानगी द्यावी व त्यानंतर आपण पाहून निर्णय घ्यावा.

आपले विश्वासू,
(नावे, वर्ग, हजेरी क्रमांक, सह्या)

यातील दोन-तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. उदबत्ती आणि दिव्याची मनाई आपल्यापैकी काहींना खटकेल. पण बंद खोलीतला धूर दमा असलेल्या मित्राला सोसत नाही, आणि लाकडी बाकांच्या खोलीत जळती वात एकटी राहिली तर त्याची जबाबदारी प्राचार्यांवर येते. जुम्याची नमाज या पत्रात घालू नये. ती जमातीने होते, तिच्यात खुतबा असतो आणि ती वीस मिनिटांच्या गप्प खोलीत बसत नाही. शुक्रवारी मशिदीत जाऊन यायला वेळ हवा असेल तर तो अर्ज वेगळा करावा. आपल्या चळवळीचे किंवा कोणत्याही मंडळाचे नावही पत्रात नको. ते आले की दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या मंडळाचा अर्ज येतो, मग प्राचार्य दोघांनाही नाही म्हणतात, आणि त्यांचे चूक म्हणता येत नाही.

सह्या खऱ्या असाव्यात. येणारच नाहीत अशा शंभर जणांच्या सह्यांपेक्षा रोज येणाऱ्या ११ जणांच्या सह्या चांगल्या, कारण महिनाअखेरीस प्राचार्य किल्लीची वही मागवून पाहतील.

महाराष्ट्राबाहेर, इंदूर, बडोदा किंवा हैदराबाद येथे शिकणाऱ्या मित्रांनी पत्र महाविद्यालयाच्या कामकाजाच्या भाषेत लिहावे. मराठीत आधी विचार करून मग उतरवले तरी चालेल, फक्त मजकूर एका पानापुढे जाऊ देऊ नये.

पत्र वर्गशिक्षकांच्या सहीने आवक विभागात द्यावे आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. आठ-दहा दिवस उत्तर आले नाही तर त्या क्रमांकाचा उल्लेख करून विचारावे. नकार आला तर कारण नम्रपणे विचारावे. खोली देता येत नसेल, पण ग्रंथालयाचा एक कोपरा त्या वेळेपुरता मिळण्यासारखा असतो. तिथे नमाज पढता येणार नाही, पण जप आणि चिंतन होऊ शकते. नमाज पढणाऱ्या मित्रांसाठी मग गच्चीखालच्या जिन्याची जागा तरी स्वच्छ करून मिळावी, असे त्याच भेटीत विचारावे.

परवानगी मिळाली तर तिची मुदत पाहून ठेवावी. नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की वेळापत्रक बदलते, खोली क्रमांक १४ मध्ये एखादा तास लागतो, आणि जुने पत्र दाखवून उपयोग होत नाही. तेव्हा आठवडाभर पुन्हा फिरून रिकामी खोली शोधावी आणि नवा अर्ज द्यावा. त्यात मागील वर्षीचा आवक क्रमांक आणि किल्लीच्या वहीतली दिवसांची संख्या लिहावी.