रंकाळ्यातील मासे पहाटेच का मरतात?

कोल्हापूरच्या रंकाळ्यावर कधीकधी सकाळी मेलेले मासे काठाला लागलेले दिसतात. "कुणीतरी विष घातलं असणार," असे काठावरचे एक आजोबा मला म्हणाले. मलाही तसेच वाटले होते. परंतु असे मासे बहुधा विषाने नव्हे, तर गुदमरून मरतात; आणि त्याचे मूळ पाण्यातील अन्नाच्या अतिरेकात असते. यालाच जलाशयाचे अतिपोषण म्हणतात.

रंकाळ्यात वर्षानुवर्षे भोवतालच्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यांवाटे येत राहिले. त्यात नत्र आणि स्फुरद असतात. आम्ही शेतकऱ्यांची मुले खताच्या पोत्यावर वाचतो तीच ही नावे! गोड्या पाण्यात सहसा स्फुरदच अपुरे असते. ते मिळाले की शेवाळ माजते. रंकाळ्यात आढळलेल्या मायक्रोसिस्टिस या नीलहरित शैवालाने पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा थर येतो.

आता थोडा हिशेब करू. दोन माणसांच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे १ किलो स्फुरद बाहेर पडते. एवढ्यावर सुमारे १०० किलो सुके शेवाळ तयार होऊ शकते. ते मरून तळाशी कुजू लागले, की जिवाणू त्यासाठी सुमारे १४० किलो प्राणवायू वापरतात. एक घनमीटर पाण्यात मात्र प्राणवायू जेमतेम ८ ग्रॅम मावतो. म्हणजे एक हेक्टर विस्ताराच्या, पावणेदोन मीटर खोल तळ्यातील सगळा प्राणवायू या दोन माणसांपायी खर्ची पडेल! हवेतून थोडी भर पडते, म्हणून तळे तगते.

दिवसा शेवाळ स्वतःच प्राणवायू सोडते. रात्री उजेड नसल्याने ते उलट श्वसनासाठी घेतच राहते. त्यामुळे पहाटे प्राणवायू सर्वांत कमी होतो. उन्हाळ्यात ऊन पाण्यात तो मुळातच कमी मावतो. त्यात आभाळ भरून आले, वारा पडला, की मासे गुदमरतात.

विष की गुदमरणे, हे ओळखता येते. विषाने मासे कोणत्याही वेळी मरतात. गुदमरताना मात्र पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मोठे मासे सहसा आधी मरतात आणि हवेतून श्वास घेणारा मरळ तगून राहतो. खात्रीसाठी पाण्याचा नमुना पहाटेच घ्यावा. दुपारी घेतला तर प्राणवायू भरपूर दिसून आपली फसगत होते.

नाले वळविणे हा खरा उपाय होय. पण तेवढ्याने तळे लगेच निवळत नाही. तळाच्या गाळात लोहाशी बांधलेले स्फुरद साठलेले असते. तळाचा प्राणवायू संपला, की ते सुटून पुन्हा पाण्यात येते. बाहेरचे अन्न थांबले तरी जुन्या साठ्यावर शेवाळ पुढे कित्येक वर्षे वाढू शकते. म्हणून नाल्याबरोबर गाळाचाही विचार करावा लागतो. आजोबांना पुन्हा भेटलो, तर मी एवढेच सांगेन: विष कुणा एकाने घातलेले नाही; ते आपल्या सर्वांच्या मोरीतून आलेले आहे.