तारेची जाडी आणि वाटेत हरवणारी वीज

विहीर मीटरपासून दूर असली की केबल किती जाडीची घ्यावी, हा प्रश्न उभा राहतो. तामलवाडीच्या शिवारातील एखाद्या शेतात पाच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार असून स्टार्टरपासून विहिरीपर्यंत 300 मीटर अंतर आहे, असे आम्ही येथे गृहीत धरतो. अशी मोटार साधारण 8 अँपिअर धारा घेते. दुकानात अडीच स्क्वेअरची तांब्याची केबल पुढे केली जाते आणि ‘एवढा लोड ती सहज घेते’ असे सांगितले जाते. हे खरेच आहे. ती केबल जळणार नाही. पण यात अंतराचा विचार झालेला नसतो.

एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.0175 ओहम असतो. अडीच स्क्वेअरच्या 300 मीटर तारेचा रोध त्यावरून 2.1 ओहम येतो. ज्यूलच्या नियमानुसार उष्णता म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. 8 गुणिले 8 गुणिले 2.1, म्हणजे एका तारेत 134 वॅट आणि तिन्हींत मिळून सुमारे 400 वॅट. मोटारीची शक्ती 3,700 वॅट आहे. तिच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक वीज वाटेतच उष्णता होऊन जाते. आठ तासांत तीन युनिटांहून अधिक!

तरीही हात लावला तर केबल गरम लागत नाही. ही उष्णता 300 मीटरवर पसरलेली असते. दर मीटरला जेमतेम सव्वा वॅट. म्हणूनच हा तोटा कोणाच्या लक्षात येत नाही. हाताला चटका बसला तर तो बहुधा सैल जोडाचा असतो, आणि तो दोष निराळा.

सहा स्क्वेअरची केबल घातल्यास तोटा 168 वॅटवर येतो. दहा स्क्वेअरची घातल्यास 100 वॅट. येथे वाढीव खर्चाच्या मानाने बचत थोडी, म्हणून या अंतराला सहा स्क्वेअर आम्हांस योग्य वाटते. (जुन्या गेज क्रमांकांत मात्र उलटे असते: क्रमांक मोठा, तार बारीक.)

तोट्याहून मोठी चिंता मोटारीची. अडीच स्क्वेअरमध्ये वीस-पंचवीस व्होल्ट वाटेत गळतात. गावात दाब आधीच कमी असेल, तर मोटारीला तो आणखी कमी मिळतो. पाणी तेवढेच उपसायचे असल्याने ती अधिक धारा ओढते. धारा 8 वरून 9 अँपिअर झाली, तर केबलमधील उष्णता 510 वॅट होते, आणि मोटारीचे वाइंडिंगही तापते. वाइंडिंग जळाले की भर हंगामात पाणी थांबते.

स्टार्टरवरील व्होल्टमीटर यात फसवतो, कारण तो केबलच्या अलीकडचा दाब दाखवतो. मोटार चालू असताना त्याच दोन फेजांमधला दाब आधी स्टार्टरवर आणि मग विहिरीवरच्या जोडापाशी जाणकार वायरमनकडून मोजून घ्यावा. मोटार बंद ठेवून मोजल्यास दोन्हीकडे सारखाच आकडा येतो, कारण धारा नसली की घटही नसते.