घड्याळ सुरू होतं ते माल पोचल्यावर

पेणमध्ये पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करणारी घरं गल्लोगल्ली आहेत. पूर्वी हा माल दुकानातून, एसटीच्या डब्यातून किंवा मुंबईच्या पाहुण्यांच्या पिशवीतून जायचा. आता तो ॲपवरून नागपूर-कोल्हापूरलाही जातो. माझाही जातो. माझ्या नणंदबाई रोह्याला असतात आणि त्याच ॲपवर कडवे वाल विकतात. आमच्या फोनवर सासर-माहेरच्या गप्पा कमी आणि "तुमचे आले का पैसे?" हेच जास्त. नव्याने सुरू करणाऱ्या बायका हेच विचारायला येतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

1. दिवस ऑर्डरच्या तारखेपासून मोजू नका.

ऑर्डर आली, माल भरला, नेला, म्हणजे आता आठवड्यात पैसे, असा हिशेब सगळ्या जणी करतात. ॲप मात्र माल गिऱ्हाइकाच्या हातात पडल्याच्या दिवसापासून मोजतं. त्यापुढे ठरावीक मुदत, आमच्याकडे सात दिवस, आणि मग बँकेत पाठवणी. तुमच्या करारात मुदत वेगळी असू शकेल; ती करारात लिहिलेली असते, शोधून काढा.

2025 च्या श्रावणातली एक ऑर्डर घ्या. सोमवारी 4 ऑगस्टला नागपूरची ऑर्डर आली. 5 तारखेला कुरिअरवाल्याने पार्सल उचललं. 9 तारखेला, राखीपौर्णिमेच्या दिवशी, ते पोचलं. तिथून सात दिवस म्हणजे 16 ऑगस्ट. पण 15 ला स्वातंत्र्यदिन, 16 ला शनिवार आणि दहीहंडी, 17 ला रविवार. आमचं पॅनल सुट्टीच्या दिवशी पैसे सोडत नाही, म्हणून ते निघाले 18 तारखेला. ऑर्डरपासून बरोबर दोन आठवडे, आणि त्यात कुणाचीही चूक नव्हती. पैसे बँकेमुळे अडले असंही नाही. एनईएफटी डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, रविवारीसुद्धा चालू असतं. सुट्टी असते ती ॲपच्या स्वतःच्या कॅलेंडरला.

2. रक्कम धरून ठेवण्यामागे कारण आहे. ते आवडलं नाही तरी समजून घ्यावं.

आमच्या बऱ्याच ऑर्डरी कॅश ऑन डिलिव्हरीच्या असतात. त्यात गिऱ्हाइकाने दार उघडून नोटा मोजून देईपर्यंत कुणाकडेच पैसे नसतात. मग पार्सल देणारा मुलगा दिवसभराची रोकड हबवर भरतो आणि कुरिअर कंपनी ती एकत्र करून ॲपकडे पाठवते. गिऱ्हाइकाने "नको" म्हटलं तर पार्सल परत पेणला, आणि विक्रीच झालेली नसते.

गिऱ्हाइकाने आधीच पैसे भरले असतील तर ते असतात, पण ॲपच्या खिशात नव्हे. मधली पैसे गोळा करणारी कंपनी ते बँकेतल्या वेगळ्या, राखीव खात्यात ठेवते. रिझर्व्ह बँकेने मार्च 2020 च्या सूचनांत याच्या मुदती घालून दिल्या होत्या; सप्टेंबर 2025 मध्ये त्या सूचनांची जागा नव्या निर्देशांनी घेतली. 2020 च्या सूचनांप्रमाणे माल पोचवण्याची जबाबदारी विक्रेत्याची असेल तर पोच मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पैसे द्यायचे होते. पण परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम ठेवायची असं करारात असेल, तर ती मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. आपले सात दिवस या शेवटच्या वाक्यातून आले. कॅश ऑन डिलिव्हरीला मात्र या सूचना लागू नव्हत्या, तिथे फक्त करार.

पापड परत घेत नाहीत, मग परताव्याची मुदत कशाला, असं नणंदबाईंनी मला विचारलं होतं. पापड परत येत नाही हे खरं, पण "चुरा झालाय" असा फोटो येतो आणि गिऱ्हाइकाला पैसे परत जातात. ते आपल्याला आधीच दिलेले असले तर ॲपने ते आपल्याकडून मागायचे कसे? म्हणून ते आधी थांबतात. हे सांगतानाही पेणच्या माणसाच्या कपाळावर आठी पडते, हे मला माहीत आहे. 2010 मध्ये पेण अर्बन बँकेत ठेवी अडकल्यापासून "तुमचे पैसे सुरक्षित आहेत, फक्त आत्ता मिळणार नाहीत" हे वाक्य इथे कुणाला गोड लागत नाही.

3. उशीर बहुतेक वेळा बँकेत नसतो, रस्त्यावर असतो.

पेण हायवेवर आहे. गाडी रोज येते. रोह्याला आत जावं लागतं. पावसाळ्यात कुंडलिकेला पूर आला की उचलणारा फिरकत नाही, आणि दोन दिवस पार्सल ओसरीवर पडून राहतं. ते दोन दिवस थेट पैशाच्या तारखेत जमा होतात, कारण घड्याळ अजून सुरूच झालेलं नसतं.

पार्सल देताना उचलणाऱ्या मुलाने मशीनने स्कॅन केलं का, हे डोळ्यांनी बघा. नुसतं गोणीत टाकून नेलं तर ॲपच्या लेखी ते अजून तुमच्याच घरी आहे. नणंदबाई स्कॅनचा आवाज आल्याशिवाय गोणी हातची सोडत नाहीत. तो मुलगा आता आल्या आल्या मशीनच काढतो.

दुसऱ्या टोकालाही हेच. पार्सल गिऱ्हाइकाला मिळालेलं असतं, पण पोचल्याची नोंद झालेली नसते. ट्रॅकिंग नंबर टाकला की तीन-चार दिवस "डिलिव्हरीसाठी निघालं" असंच दिसत राहतं. अशा वेळी "माझे पैसे कुठे" अशी तक्रार करू नका. ती पैशांच्या विभागाकडे जाते आणि "अजून देय नाही" असं उत्तर येतं. तक्रार शिपमेंटची करा, ट्रॅकिंग नंबर देऊन, पोच-पावती मागा. पार्सल हरवलं असेल तर भरपाई मागायची मुदत असते आणि ती चुपचाप संपते.

4. वहीत चार तारखा हव्यात.

ऑर्डर, उचल, पोच, देय. यातली पोचेची तारीख पॅनलवरून रोज संध्याकाळी भरायची. देय तारीख त्यावरून निघते. वहीवर बोटं मोजायला हरकत नाही, पण मुलाने मला एक्सेलमध्ये करून दिलं. D2 मध्ये पोचेची तारीख, H रकान्यात सुट्ट्यांची यादी:

```
=IF(D2="","",WORKDAY(D2+6,1,$H$2:$H$10))
```

पोचेनंतर सात दिवस, आणि त्या दिवशी शनिवार-रविवार किंवा सुट्टी असेल तर पुढचा कामाचा दिवस. वरची 9 ऑगस्ट घाला, 18 ऑगस्टच येतो. तुमचं पॅनल शनिवारी पैसे सोडत असेल तर तारीख एखाद-दोन दिवस पुढची दिसेल, तेवढं चालतं. देय तारीख उलटली आणि रक्कम नाही, तेवढ्याच ओळी लाल करायच्या. बाकीच्या ओळींची काळजी करायची नाही. माझी रात्रीची झोप या एका रकान्याने परत आली.

5. आलेली रक्कम आणि ऑर्डरची किंमत कधीच जुळत नाही.

450 रुपयांची ऑर्डर. कमिशन 36, पाठवणी 74, ठरीव फी 10, झाले 120. या फीवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 21 रुपये 60 पैसे. पापडाला जीएसटी नाही, पण ॲपच्या सेवेला आहे. शिवाय विक्रीवर 0.1 टक्का आयकर कापतात, 45 पैसे. ऑक्टोबर 2024 पूर्वी हा 1 टक्का होता. ॲपवरची वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत आणि पॅन दिलेला असेल तर घरगुती विक्रेत्याचा हा करही कापत नाहीत. हातात आले 307 रुपये 95 पैसे.

एकेका ऑर्डरची ही फोड पॅनलवरच्या सेटलमेंटच्या फाईलमध्ये असते. ती दर आठवड्याला उतरवून घ्या. कारण वजावट त्याच ऑर्डरमधून होईल असं नाही. परत आलेल्या पार्सलचं जायचं-यायचं भाडं पुढच्या चांगल्या ऑर्डरींतून कापलं जातं. परतीचा आठवडा आला की सगळ्या ऑर्डरी देय असूनही बँकेत शून्य येऊ शकतं, आणि तो उशीर नसतो, वजावट असते. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी कोणतं आहे ते ओळखायचं.

पाठवणीच्या रकमेकडेही बघा. पाचशे ग्रॅमच्या पाकिटाला एक किलोचं भाडं लागलेलं दिसलं तर बॉक्स मोठा वापरलाय. पापड हलके असतात, भाडं जागेवरून लावतात.

6. "पेड" दिसलं की यूटीआर मागा.

"पेड" म्हणजे पाठवले. पोचले असं नव्हे. प्रत्येक एनईएफटीला सोळा अक्षर-आकड्यांचा यूटीआर नंबर असतो, पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची. तो घेऊन आपल्या शाखेत गेलं की पाच मिनिटांत कळतं. पासबुकात अनेक ऑर्डरींची एकच ठोक रक्कम दिसते, म्हणून ऑर्डर नंबर शोधत बसू नये. यूटीआर आधी जुळवावा, मग फाईलमध्ये त्याखालच्या ऑर्डरी.

पैसे परत फिरतात त्याची कारणं साधी असतात. बँका एकत्र झाल्या आणि आयएफएससी बदलला. सिंडिकेट बँक 2020 मध्ये कॅनरात गेली, जुने कोड 2021 मध्ये बंद झाले, आणि नोंदणी करताना कुणी जुन्या पासबुकावरून उतरवून काढतंच. बायकांच्या बाबतीत वेगळंच: पॅन माहेरच्या नावाने, खातं सासरच्या. ॲप खातं तपासताना नाव जुळत नाही आणि पुढचे सगळे पैसे रोखले जातात. हे पहिल्या ऑर्डरीआधी सरळ करून घ्यावं, कारण नंतर पॅन दुरुस्त होईपर्यंत माल जातच राहतो.

7. पंचेचाळीस दिवसांचा कायदा इथे दाखवू नका.

लघुउद्योगांना पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे हा 2006 चा कायदा खरा आहे, आणि उद्यम नोंदणी झाली की कुणीतरी तो हमखास सांगतं. पण तो तुमचा माल विकत घेणाऱ्याला लागू होतो. ॲप तुमचा माल विकत घेत नाही, विकायला जागा देतं. ठाण्याचा एखादा दुकानदार पापड उधारीवर घेऊन तीन महिने बसला, तर जरूर दाखवा.

8. अडकलेली रक्कम कायम अडकलेलीच राहते.

रोजच्या दहा ऑर्डरी, प्रत्येकी हातात 308, आणि दोन आठवड्यांचं चक्र: 43,120 रुपये सदैव बाहेर. आजचे आले की उद्याचे गेले. ऑर्डरी दुप्पट झाल्या की हा आकडाही दुप्पट होतो, म्हणून धंदा वाढतोय आणि हातात पैसा नाही असं होतं.

पापड उन्हाळ्यात करतो. पोहे, मसाले, वाळवायला लावलेल्या बायकांची मजुरी, सगळं मार्च ते मेमध्ये रोख जातं, आणि विक्री पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत. मी दर वर्षी फेब्रुवारीत हा बाहेरचा आकडा काढते आणि तेवढी रक्कम भांडवलात धरतच नाही. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तर नणंदबाई आणि मी ॲपवरचा साठा मुद्दाम कमी दाखवतो. त्या दिवसांत पेणला मूर्ती न्यायला येणारी माणसं दारावर रोख देऊन पापड आणि वाल घेतात, आणि ॲपवरच्या ऑर्डरीचे पैसे विसर्जन होऊन गेल्यावरच येतात.