खळखळ कुणाची? आवाजी शब्दांची मांडणी

शाळेच्या व्याकरणात आपण अभ्यस्त शब्द शिकलो, त्यात ‘अनुकरणवाचक’ नावाचा एक प्रकार होता. असे शब्द गोळा करायला बसलं की पहिल्यांदा प्राणी, पाणी आणि हवामान असे तीन रकाने आखावेसे वाटतात. पण थोड्याच वेळात हे रकाने अडचणीत आणतात. ‘सळसळ’ कुठे लिहायची? पिंपळाची पानं सळसळतात आणि सापही सळसळत जातो. ‘गुरगुर’ कुत्र्याची, मांजराची आणि वाघाचीही. ‘खळखळ’ ओढ्याची, पण माणूसही खळखळून हसतो. म्हणजे शब्दाचा खरा मालक प्राणी किंवा पाणी नसून आवाज आहे. म्हणून मांडणीही आवाजाप्रमाणे करू.

पहिला गट हवेच्या घासण्याचा. त्यात ‘स’ आणि ‘फ’ पुढे असतात: वाऱ्याचं सूं सूं, पानांची सळसळ, सापाचा फुत्कार, घोड्याचं फुरफुरणं. दुसरा गट छोट्या आघाताचा. थेंबांची टपटप, दारावरची टकटक आणि टिटवीची ‘टिटिव टिटिव’ इथे येतात. टिटवीचं तर नावच तिच्या ओरडण्यातून आलंय. तिसरा गट वाहत्या पाण्याचा, त्यात ‘ळ’ हमखास सापडतो. सपाट जागेवरून पाणी झुळझुळ वाहतं. तेच दगडांवर आपटलं की खळखळतं. ‘ळ’ तोच राहिला, पण पुढचा ‘झ’ जाऊन ‘ख’ आला आणि प्रवाहाखालची जमीन बदलली. पाणी उंचावरून कोसळलं की धबधब होतं, आणि त्यातूनच ‘धबधबा’ हे नाम तयार झालं.

अक्षर बदलल्यानं अर्थ किती बदलतो, हे ढगांत सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं. गडगडाट आणि कडकडाट हे आपण एकाच आवाजाचे दोन शब्द समजतो. पण वीज जवळ पडली तर आवाज कोरडा, तीक्ष्ण आणि फुटल्यासारखा येतो. म्हणून ‘वीज कडाडली’. वीज लांब असली तर तिच्या काही किलोमीटर लांब वाटेच्या वेगवेगळ्या भागांतून आवाज मागेपुढे पोचतो. त्यातले बारीक, तीक्ष्ण स्वर हवेत विरून जातात आणि जाड घरंगळणं तेवढं उरतं. म्हणून ‘ढग गडगडले’. वीज चमकल्यावर सेकंद मोजून बघा. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. दहा-बारा सेकंदांनी आलेला आवाज बहुधा गडगडाटच असतो. अंतराचा हा फरक मराठीनं ‘क’ आणि ‘ग’ मध्ये ठेवलाय.

शब्दाचा शेवटही नोंदवायला हवा. ‘टपकन’ म्हणजे एकच थेंब, ‘टपटप’ म्हणजे एकामागून एक, आणि ‘-आट’ लागला की आवाज आसमंत भरतो: चिवचिवाट, खळखळाट.

वडगावात एक जास्तीचा रकाना लागतो, तो कन्नडचा. इथे एकाच गल्लीत दोन्ही भाषा चालतात. आपण पाण्याला झुळझुळ म्हणतो, कन्नडमध्ये ते ‘जुळुजुळु’. आपली पाखरांची किलबिल, त्यांची ‘चिलिपिलि’. आपली गडगड, त्यांचा ‘गुडुगु’. कुणी कुणाकडून घेतलं, हे नुसत्या साम्यावरून ठरवू नये. एकच आवाज ऐकून दोन भाषा वेगवेगळे पण सारखे शब्द घडवू शकतात आणि शेजारी एकमेकांचे शब्द उचलूही शकतात. भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी १९६९ च्या लेखात असे जोडशब्द भारतीय-आर्य आणि द्राविड भाषाकुळांत पसरलेलं सामायिक वैशिष्ट्य म्हणून मांडले. त्यामुळे आपल्या वहीत ‘उसना’ असा शेरा न मारता दोन्ही शब्द शेजारी लिहावेत.

एक गाळणी मात्र हवीच. लखलख, लुकलुक, झगमग, चिकचिक हे शब्द घडणीनं अगदी खळखळसारखे दिसतात, पण त्यांत आवाज नाही. पहिले तीन डोळ्यांचे आहेत, चौथा हाताला लागणारा. भुरभुर पाऊसही जवळजवळ मुकाच असतो. कसोटी सोपी आहे: डोळे मिटून, हात न लावता हे कळेल का? कळत नसेल तर शब्द वेगळ्या पानावर लिहा. तो टाकून मात्र देऊ नका, कारण भाषेनं आवाजाचा साचा नजरेला आणि स्पर्शाला कसा लावला, ते त्याच पानावर दिसेल.

आणि घरच्या मोठ्यांना ‘पावसाचे शब्द सांगा’ असं विचारू नका. पुस्तकातली ‘रिमझिम’च परत मिळेल. पाऊस चालू असताना नुसतं विचारा, ‘आज्जी, कसा लागलाय?’ मग ‘नुसती पिरपिर लावलीया बघ’ असं उत्तर येतं. ते येईल तसंच, वाक्यासकट लिहून घ्या.